अनुभव धागा: संध्याकाळी काजळ-सनस्क्रीन कशानं काढता? मायसेलर, बाम की नुसता फेसवॉश?

पडवीतली
काल नणंदेची लेक मुंबईहून आली. बॅगेतनं क्लिन्झिंग बामची डबी काढली, झाकण उघडलं तर आत नुसतं तेल. मे महिना, देवगड, वर पत्रे, दुसरं काय होणार! ती रडकुंडीला आलेली आणि मला आठवलं आमच्या शाळेचं गॅदरिंग. कोळीण झाले होते, डोळ्यांत ढीगभर काजळ. घरी आल्यावर आईने पदराचं टोक खोबरेलात बुडवलं आणि एका फटक्यात सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग होता तो वेगळा.

आता माझी रड. पतसंस्थेत काउंटरला असते. रोजचं म्हणजे टिंटेड सनस्क्रीन, काजळ, लिपस्टिक, बस. आधी फेसवॉशनेच काढायचे. पण मार्चनंतर आमची विहीर मचूळ होते, त्या पाण्याने तोंड धुतलं की कातडं ओढल्यासारखं वाटतं. म्हणून मायसेलर वॉटर आणलं. बाटलीवर छापलंय, धुवायची गरज नाही. मी म्हटलं वा, पाण्याची कटकटच गेली. दीड महिना रोज रात्री कापसाने पुसून तशीच झोपले. आता डोळ्यांखाली चुरचुरतं आणि जबड्याच्या कडेने बारीक पुरळ. तुम्ही काय वापरता, आणि नक्की कसं? सगळ्यांनी लिहा.

सड्यावरची
अंगाचा साबण. तोच डोक्याला, तोच तोंडाला, तोच कधी कधी कुत्र्याला. पुढचा प्रश्न?

जेटीवरचा काका
२० लिटरचा जार आमच्याकडे मिळतो, घरपोच देतो. पण मिनरल वॉटरने तोंड धुणं म्हणजे जरा श्रीमंतीच झाली. पुरळ त्याने येणार नाही, पाणी चांगलं आहे.

पडवीतली
काका, मिनरल नाही हो, मायसेलर 😂 मेकअप पुसायचं पाणी असतं ते.

जेटीवरचा काका
पुसायला पण वेगळं पाणी? असो. जार हवा तर सांगा.

आरसेवाली
रत्नागिरीत पार्लर आहे माझं, १४ वर्षं. गिऱ्हाईक चहा पितंय तोवर लिहिते. मायसेलर दिसतं पाण्यासारखं, पण त्यात साबणाच्या जातीचाच, फार सौम्य असा पदार्थ असतो. मेकअपचं तेल तो धरतो आणि कापसावर आणतो. मात्र सगळाच्या सगळा कापसावर येत नाही. पाणी उडून जातं, तो थोडा चेहऱ्यावर राहतो. 'धुवायची गरज नाही' हे खोटं नाही, बऱ्याच जणींना काही होत नाही. पण तू दीड महिना रोज त्यावर घाम गाळत झोपलीस, आणि आपली हवा कशी ते तुला मी काय सांगू. पुसून झालं की चेहऱ्यावरून पाणी फिरव, एवढंच.

दुसरं, घासतेस का? काजळासाठी कापूस चांगला ओला करायचा, मिटलेल्या डोळ्यावर १५ सेकंद नुसता दाबून ठेवायचा, मग एकदाच खाली ओढायचा. कोरडा कापूस पुढेमागे घासला की चुरचुरणारच, त्याला मायसेलर काय करणार.

पडवीतली
घासते. कापूस वाचवायला एकाच तुकड्यात दोन्ही डोळे.

आरसेवाली
मग एका डोळ्याची घाण तू दुसऱ्या डोळ्याला लावतेस.

नारळीपौर्णिमा
हे सगळं केमिकल. खोबरेल तेल घ्या, दोन बोटं, सगळं निघतं. माझ्या आजीने आयुष्यभर दुसरं काही लावलं नाही, ८१ व्या वर्षी गाल गुळगुळीत. बाम म्हणजे तरी काय, तेलच की, डबीत घालून पाचपट किंमत.

आरसेवाली
निम्मं बरोबर आहे तुमचं. काजळ मेणा-तेलाचं, ते तेलात विरघळतं, म्हणून खोबरेल काम करतं. पण खोबरेल पाण्याने जात नाही. बाममध्ये असा एक घटक घातलेला असतो की पाणी लागल्यावर तेल दुधासारखं पांढरं होतं आणि धुतलं जातं. डबी त्यासाठी घ्यायची. नुसतं खोबरेल लावलं तर नंतर फेसवॉश लागतोच, नाहीतर कपाळावर आणि हनुवटीवर बारीक गाठी येतात. सगळ्यांना नाही, पण ज्यांना येतात त्या मग माझ्याकडे येतात. आजींना काजळ-सनस्क्रीन होतं का रोज?

नारळीपौर्णिमा
कुंकू होतं. मेणावरचं. तेही तेलाशिवाय निघत नाही, बघा म्हणजे.

जत्रेकर
माका ह्यातला काय समाजत नाय, पण भाऊ दशावतारात स्त्रीपार्ट करता. रात्रभर रंग तोंडार. पहाटे खोबरेल चोळून जुन्या धोतराच्या फडक्यान पुसता, मगे साबण. नुसत्या साबणान काढूक गेलो तर कानामागे रंग तसोच, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात लोक हसतत.

पडवीतली
😂😂 स्त्रीपार्टला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सड्यावरची
भावाचं नाटक यंदा कुठे? आमच्या जत्रेला त्या मानाने गर्दी नव्हती.

जत्रेकर
आता सीझन संपलो गो. कार्तिकात सांगतय.

रात्रगाडी
कणकवली ते मुंबई दर पंधरवड्याला, कोकणकन्याने. मायसेलर माझ्यासाठी फक्त गाडीत. बर्थवर बसून दोन कापूस, झोप. बेसिनचं पाणी डोळ्याला लावायची माझी हिंमत नाही. पण सकाळी घरी गेल्यावर पहिलं तोंड धुते. घरी असते तेव्हा बाम. आणि हो, डोळ्यांत लेन्स असेल तर आधी ती काढा, मग बाम लावा. मी उलटं केलं होतं एकदा, ठाण्यापर्यंत सगळं धुक्यातच दिसत होतं.

मोगरा_वेंगुर्ले
बामने माझ्या डोळ्यांवर सायच येते, अर्धा तास धूसर. आणि चेहरा चिकट राहतो. कोणी चांगलं म्हणतं कसं त्याला?

आरसेवाली
ओल्या चेहऱ्यावर लावतेस का?

मोगरा_वेंगुर्ले
हो, आधी तोंड ओलं करून. फेसवॉशसारखं.

आरसेवाली
तिथेच चुकतंय. बाम कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर. बोराएवढा गोळा पुरतो. अर्धा-एक मिनिट हलकं फिरव, काजळ पसरून तू भुतासारखी दिसशील, घाबरू नको. मग हात जरासे ओले करून पुन्हा फिरव. सगळं पांढरं दूध झालं की मगच पाण्याने धू. तू आधीच पाणी लावतेस म्हणून तेल काजळापर्यंत पोचत नाही, आणि दूध नीट झाल्याशिवाय धुतेस म्हणून चिकट राहतं. धुतल्यावर बोट गालावरून सरकत राहिलं तर तेल आहे अजून, थोडं पाणी घेऊन परत फिरव.

मोगरा_वेंगुर्ले
तीन वर्षं चुकीचं करतेय मी. डबी बहिणीला दिली तीही तशीच लावत असेल.

पडवीतली
@आरसेवाली, मग फेसवॉश वाईट का? माझा चेहरा ओढतो तो.

आरसेवाली
वाईट कशाला. साधं कॉम्पॅक्ट आणि वॉटरप्रूफ नसलेलं काजळ फेसवॉशने जातं, त्यासाठी बाम-बिम नको. घामाला टिकणारं सनस्क्रीन आणि न पुसली जाणारी लिपस्टिक मात्र अडतात. तुझ्या ट्यूबच्या मागे बघ. मायरिस्टिक किंवा स्टिअरिक ॲसिड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दोन्ही सुरुवातीलाच लिहिलेलं असेल तर फेसवॉश नावाचा तो साबणच. साबण मचूळ पाण्यात फेस धरत नाही, उलट पांढरा थर धरतो. बादलीच्या कडेला बसतो तोच तुझ्या गालावर.

पडवीतली
बघून आले. दोन्ही आहेत. दुसऱ्या नि चौथ्या नंबरला.

जेटीवरचा काका
म्हणजे शेवटी पाण्याचाच घोळ. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं जार घ्या.

पडवीतली
काका 🙏 तुम्ही जिंकलात.

हापूसवाली
विषय नाही, पण देवगडच्या कोणाकडे कॅनिंगचा आंबा उरलाय का? दर काय चाललाय? आमच्याकडे पावसाने वाट लावली.

सड्यावरची
व्यनि करते.

पडवीतली
१२ दिवसांनी येतेय. भाचीला फ्रिजमधली डबी मागितली, म्हटलं प्रयोग करू. डाव्या गालाला बाम, उजव्याला मायसेलर, आणि नंतर दोन्हीकडे काकांच्या जारचं एक तांब्या गोडं पाणी. फेसवॉश बंद. तपासायचं कसं, तर शेवटी पांढऱ्या सुती रुमालाचं ओलं टोक फिरवायचं. पहिल्या रात्री मायसेलरच्या बाजूला रुमालावर तपकिरी पट्टा आला, सनस्क्रीनचा. तोवर मी एका कापसात अख्खं तोंड उरकत होते. त्या गालाला दोन नवे कापूस घेतले तेव्हा रुमाल पांढरा राहिला. बामच्या बाजूला पहिल्या दिवसापासून पांढरा.

डोळ्यांची चुरचुर चौथ्या दिवशी गेली, दोन्हीकडची. पुरळ मात्र उजवीकडे कमी आणि डावीकडे हनुवटीजवळ आहे तसंच. आता हे बामचं का?

नारळीपौर्णिमा
तेलाचंच. म्हणजे मी तेलाच्या बाजूने होते, पण तेलाचंच असेल.

आरसेवाली
असू शकतं, इतक्यात सांगता नाही यायचं. एक विचारू? गाडी चालवतेस?

पडवीतली
हो, स्कूटर. रोज ११ किलोमीटर.

आरसेवाली
हेल्मेटचा पट्टा कुठल्या बाजूला बांधतेस? धुतलास का कधी?

पडवीतली
… डावीकडे. पट्टा धुतात?

रात्रगाडी
मी आत्ता माझा वास घेऊन आले. धुतात.

मोगरा_वेंगुर्ले
कोरड्या चेहऱ्यावर लावला बाम काल. धूसर झालं नाही!! पण फ्रिजमध्ये ठेवलेला माझा आता रवाळ झालाय, रव्यासारखा टोचतो. टाकू का?

आरसेवाली
वितळून परत घट्ट झाला की तसं होतं. वास बदलला नसेल तर तळव्यावर चोळून वितळव आणि मग लाव, डोळ्यांजवळ कण नकोत. ओलं बोट डबीत घालू नको मात्र, बुरशी धरते. कोरडा चमचा ठेव.

पडवीतली
आमच्याही डबीचं तेच. फ्रिजमध्ये लोण्याशेजारी होती. सासूबाई काल विचारत होत्या, या तुपाला कणी छान पडलीय, पण वास संत्र्याचा कसा येतो गो?

सड्यावरची
भाकरीला लावलं का ते आधी सांग.

पडवीतली
वेळेत पोचले. पट्टा भिजत घातलाय, मचूळ पाण्यात, जार त्याच्यासाठी नाही उघडणार. जून लागला की विहीर गोडी होईल, मग परत फेसवॉश करून बघेन आणि लिहीन.

जेटीवरचा काका
जूनपर्यंत दोन जार लागतील. सोमवारी पाठवू?