२०४८ सारख्या खेळाची चाचणी: कॉलसाठी वेगळी चाचणी हवी की होम बटण पुरेसं?

चाचणीवाला_पुणे
आमचा खेळ २०४८ च्या नियमांवर आहे. ४×४ चा पट, सारखे ठोकळे एकत्र होतात, आणि वर लेव्हल आहेत. पाचव्या लेव्हलला १४० चालींत २५६ चा ठोकळा बनवायचा, उरलेल्या प्रत्येक चालीचे १० बोनस गुण. अँड्रॉइडवर आहे. चाचणीला वेळ थोडा आहे. माझं मत असं की कॉल आला काय किंवा होम दाबलं काय, अ‍ॅप मागे जाणं तेच. त्यामुळे कॉलची वेगळी चाचणी काढून टाकावी. गुणांसाठी दहा-बारा चाली हाताने मोजून पाहाव्यात, तेवढं पुरे. कोणाचा विरोध असेल तर कारणासकट सांगा.

लाइफसायकल
विरोध आहे. होम दाबलं की `onPause` आणि मग `onStop` नक्की येतात. कॉल आल्यावर ते येतीलच असं नाही. फोन वापरात असताना कॉल आला तर बहुतेक फोनांवर वरच्या बाजूला फक्त पट्टी येते आणि खेळ समोरच राहतो. अशा वेळी `onPause` येत नाही. तुमच्या एखाद्या लेव्हलला वेळेची मर्यादा असेल आणि घड्याळ `onPause` मध्ये थांबवत असाल, तर रिंग वाजत असताना घड्याळ चालूच राहील. खेळाडूने पट्टीवरूनच कॉल नाकारला तर खेळाला काही घडल्याचं कळणारही नाही. कळतं ते फक्त ऑडिओ फोकस गेल्यावरून, आणि तेही आवाजाच्या कोडने ते ऐकलं असेल तरच.

दुसरी गोष्ट बोटाची. खेळाडू ठोकळे सरकवत असताना मध्येच दुसरा स्क्रीन वर आला, तर खेळाला `ACTION_UP` ऐवजी `ACTION_CANCEL` मिळतं. बऱ्याच खेळांच्या कोडमध्ये दोन्ही एकाच फांदीत असतात. मग खेळाडूने न केलेली चाल खेळली जाते आणि तुमच्या १४० पैकी एक चाल वाया जाते. होम बटण दाबताना बोट पटावर नसतं, म्हणून ही चूक त्या चाचणीत कधीच दिसणार नाही.

नियम_आधी
मी धागाकर्त्याच्या बाजूने. एवढ्याशा खेळात खरे दोष गुणांच्या नियमांत असतात, कॉलमध्ये नाही. आधी चार ओळी तपासा. `2 2 2 2` डावीकडे सरकवलं की `4 4 0 0` यायला हवं आणि गुण ८. थेट `8` आला तर एकाच चालीत ठोकळा दोनदा जोडला जातोय. `4 2 2 0` डावीकडे म्हणजे `4 4 0 0`, गुण ४. `2 2 2 0` डावीकडे `4 2 0 0`, पण उजवीकडे `0 0 2 4`, म्हणजे ज्या बाजूला सरकवलं तिकडची जोडी आधी. आणि ज्या दिशेला काहीच हलत नाही तिकडे सरकवलं तर नवा ठोकळा येता कामा नये, चालही मोजली जाऊ नये. हे बरोबर असेल तर बाकीचं लाइफसायकलवाल्यांनी फार ताणू नये.

बेरीजवाली
नियम_आधी यांच्या ओळी घ्याच, पण त्या फक्त एका चालीचं सांगतात. शंभर चालींनंतरचा गुण बरोबर आहे का, हे पटाकडे बघूनच काढता येतं.

प्रत्येक ठोकळा फक्त २ पासून बनला असं धरलं तर त्याच्या मागे ठरलेले गुण असतात: ४ ला ४, ८ ला १६, १६ ला ४८, ३२ ला १२८, ६४ ला ३२०, १२८ ला ७६८, २५६ ला १७९२. २ ला शून्य. पटावरच्या सगळ्या ठोकळ्यांचे हे गुण मिळवा.

नियम_आधी
म्हणजे ही बेरीज आणि स्क्रीनवरचा गुण अगदी सारखे आले पाहिजेत, नाहीतर दोष. सोपं आहे.

बेरीजवाली
नाही, तसं केलंत तर चांगल्या बिल्डवर दोष नोंदवाल. मूळ २०४८ मध्ये नवा ठोकळा ९० टक्के वेळा २ आणि १० टक्के वेळा ४ येतो. आयता आलेला ४ जोडून मिळालेला नसतो, म्हणून अशा प्रत्येक ४ मागे ४ गुण वजा करायचे. असे किती आले ते लॉगशिवायही निघतं, कारण तुमच्या लेव्हलमध्ये चाली मोजलेल्या आहेत. सुरुवातीला २ ठोकळे असतात आणि प्रत्येक वैध चालीला एक वाढतो.

उदाहरण घ्या. ४९ चाली झाल्यात, पटावर ६४, ३२, ८, ४, २ आहेत. एकूण ठोकळे आले ५१. ठोकळ्यांची बेरीज ११०, तिची निम्मी ५५. त्यातून ५१ गेले, उरले ४, म्हणजे आयते ४ चारदा आले. गुण: ३२० + १२८ + १६ + ४ = ४६८, वजा १६, म्हणजे ४५२. स्क्रीनवर ४५२ असेल तर ठीक.

यात गंमत अशी की फरकाचा आकडाच दोष कुठे आहे ते सांगतो. स्क्रीनवर ४ जास्त दिसले तर न मोजलेल्या चालीला एकदा नवा ठोकळा आलाय. ४ कमी दिसले तर काही न हलता चाल मोजली गेली आहे. (दोन्ही दोष एकाच खेळात एकेकदा झाले तर एकमेकांना झाकतील, हे लक्षात ठेवा. म्हणून दर वीसेक चालींनी तपासा, शेवटी एकदाच नको.)

लाइफसायकल
हे फार कामाचं आहे, आणि माझ्या मुद्द्याला जोडूनच. कॉल चुकीच्या क्षणी आला की फरक ४ चा नसतो, ३२ किंवा ६४ चा असतो. कारण असं: बऱ्याच कोडमध्ये ठोकळे जोडताक्षणी गुण साठवले जातात, पण पट मात्र ठोकळे सरकण्याचं अ‍ॅनिमेशन संपून नवा ठोकळा आल्यावर साठवला जातो. मध्येच प्रक्रिया मारली गेली, तर पुन्हा उघडल्यावर गुण नव्या चालीचे आणि पट जुना. खेळाडू तीच चाल पुन्हा खेळतो आणि तेच ३२ गुण दुसऱ्यांदा घेतो.

तो क्षण हाताने पकडणं अवघड, म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये अ‍ॅनिमेटर ड्युरेशन स्केल १०x करा. खेळ गेम इंजिनात लिहिला असेल तर या सेटिंगचा परिणाम होणार नाही, तिथे चाचणी बिल्डमध्येच वेग कमी करून घ्यावा लागेल. मग एम्युलेटरवर, ठोकळे सरकत असतानाच:

```
adb emu gsm call 5551234567
adb emu gsm accept 5551234567
adb shell input keyevent KEYCODE_HOME
adb shell am kill com.example.ankjod
adb emu gsm cancel 5551234567
```

मग अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून खेळ उघडा आणि बेरीजवालींचं गणित करा.

पर्याय_शोधक
एवढं कशाला? डेव्हलपर ऑप्शन्समध्येच "Don't keep activities" चालू करा. अ‍ॅप मागे गेलं की अ‍ॅक्टिव्हिटी मारली जाते. कमांड लागत नाहीत.

लाइफसायकल
अर्धं बरोबर. त्याने अ‍ॅक्टिव्हिटी जाते, प्रक्रिया जिवंत राहते. गुण एखाद्या सिंगलटनमध्ये ठेवले असतील तर ते तसेच सापडतात आणि चाचणी उगाच पास होते. `am kill` ने प्रक्रियाच जाते, फक्त अ‍ॅप मागे गेलेलं असायला हवं, म्हणून आधी होमची ओळ. तिसरा प्रकारही करा: यादीतून अ‍ॅप सरकवून काढा आणि आयकॉनवरून उघडा. तेव्हा `onSaveInstanceState` मधलं काहीच परत मिळत नाही. पहिल्या दोन्हींत पट दिसला आणि तिसऱ्यात रिकामा झाला, तर पट फाइलमध्ये साठवलेलाच नाही.

आई_आणि_मोबाइल
हाच प्रश्न आमच्याकडे आहे. मुलाने खेळ काढून पुन्हा टाकला, तो बाराव्या लेव्हलवर होता, आता नवव्यावर आलाय. हा कॉलमुळे झाला का?

बेरीजवाली
नाही ताई, तो वेगळा विषय. अँड्रॉइड ६ पासून अ‍ॅपचा डेटा आपोआप बॅकअप होतो, पण सततचा नाही. आधीच्या बॅकअपला निदान २४ तास होऊन गेलेले असावे लागतात, फोन निवांत पडलेला आणि वायफायवर असावा लागतो. शेवटचा बॅकअप नवव्या लेव्हलच्या वेळचा असेल, तोच परत आला. धागाकर्त्यांनी मात्र हे चाचणीत घ्यावं, कारण जुना पट आणि नवा बिल्ड अशी जोडी तिथेच जमते.

चाचणीवाला_पुणे
कॉलचं मान्य. लेव्हल पुढे जाण्याबाबत कुठे बघू?

नियम_आधी
सीमेवर. १४० व्या, म्हणजे शेवटच्याच चालीला २५६ झाला तर जिंकला की चाली संपल्या? दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या होतात. कोड आधी कुठली तपासतो त्यावर निकाल. माझ्या मते जिंकलाच पाहिजे, बोनस शून्य. शिवाय पट पूर्ण भरला पण शेजारी दोन सारखे ठोकळे आहेत, आडवे नाही तर उभे, तेव्हा खेळ संपता कामा नये. उभ्याची तपासणी विसरलेली सापडते.

लाइफसायकल
आणि निकालाच्या खिडकीवर कॉल. समजा १२२ व्या चालीला २५६ झाला, १८ चाली उरल्या, बोनस १८०. खिडकी दिसतेय, 'पुढची लेव्हल' अजून दाबलेलं नाही. तिथे वरच्या कमांड चालवा. परत आल्यावर पट तपासला जातो, २५६ दिसतो, लेव्हल पुन्हा 'जिंकली' जाते, आणखी १८०. दरवेळी तेच केलं तर गुण वाढतच जातात. उलट बाजूने, सहावी लेव्हल उघडणं बटण दाबल्यावरच साठवत असाल तर खेळाडूला बोनस मिळतो पण लेव्हल बंदच राहते. बोनस, लेव्हल उघडणं आणि 'ही लेव्हल संपली' ही खूण एकाच एडिटरने एकाच `apply()` मध्ये जावी.

नियम_आधी
इथे मात्र माझा विरोध कायम. तुम्ही सगळं दर चालीला साठवायला सांगता. `onStop` मध्ये एकदा साठवलं तर अर्धवट पटाचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे चाल पूर्ण करून घेऊन मगच लिहिता येतं. `onStop` परतल्याशिवाय सिस्टिम प्रक्रिया मारायला मोकळी नसते.

लाइफसायकल
सिस्टिमने मारलं तर, हो. खेळ स्वतःच क्रॅश झाला तर `onStop` येत नाही, बॅटरी संपली तरी भरवसा नाही. सोळा आकडे आणि एक गुण लिहायला किती वेळ लागतो?

बेरीजवाली
दर चालीला साठवलंत तर पुढचा प्रश्न उभा राहतो. वाईट जागी नवा ठोकळा आला की खेळाडू अ‍ॅप मारतो, उघडतो, आणि साठवण नवा ठोकळा येण्याआधीची असेल तर दुसरा ठोकळा मिळवतो. यादृच्छिक आकड्यांचं बीजही पटासोबत साठवलं तर तोच ठोकळा त्याच जागी येईल.

नियम_आधी
गुणांची सार्वजनिक यादी नसेल तर त्याने कोणाचं काय बिघडतं? घरी एकट्याने खेळणाऱ्यासाठी एवढं बांधून ठेवायची गरज मला वाटत नाही.

बेरीजवाली
मला वाटते. १४० चालींची लेव्हल अशी पळवाट ठेवून कठीण राहत नाही, आणि मग पुढच्या लेव्हलची काठिण्यपातळी कशाच्या आधारावर ठरवणार?