मदत हवी आहे: मसाल्यासाठी स्टॉकिस्ट नेमायचा आहे, मार्जिन आणि उधारी किती द्यावी?

हिंगण्याची_मेघा

नमस्कार. नागपूरजवळ हिंगण्याला आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. सावजी मसाला, काळा मसाला आणि मिरची पावडर करतो. उद्यम नोंदणी, अन्न परवाना, जीएसटी सगळं आहे. आतापर्यंत मी आणि माझा दीर प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर आणि हिंगणा रोडच्या दुकानांत स्वतः माल टाकत आलो. 100 ग्रॅमच्या सावजी पाकिटाची एमआरपी 60 रुपये आहे, दुकानदाराला 48 ला देतो. मसाला, पाऊच, मजुरी धरून पाकीट 31 रुपयांना पडतं.

आता नंदनवन भागातला एक स्टॉकिस्ट माल घ्यायला तयार आहे. त्याचं म्हणणं असं: त्याला 10 टक्के, दुकानदाराला 20 टक्के, वर 12 वर 1 फ्रीची स्कीम, आणि 30 दिवसांची उधारी. पहिली ऑर्डर दीड लाखाची देतो म्हणतो. वर्धा-भंडाऱ्यासाठी सुपर स्टॉकिस्ट नेमा, त्याला 4 टक्के द्या, असंही सुचवतो.

ऑर्डर मोठी आहे म्हणून घरचे खूश आहेत. पण मिरचीचा हंगाम सुरू आहे, कळमन्यात मिरची रोखीने उचलावी लागते आणि वर्षभराची आत्ताच भरावी लागते. पैसे बाजारात अडकले तर मिरची कशी घ्यायची? हे दर आणि ही उधारी रास्त आहे का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रशांत_वर्धा

ताई, एजन्सी घेताना कंपनीला आधी डिपॉझिट देऊ नका. आमच्या गावात एकाने एका पाणी कंपनीला डिपॉझिट दिलं, माल दोनदाच आला. गोडाऊन भाड्याने घेण्याआधी कंपनीचा सेल्समन मिळणार का ते लेखी घ्या.

हिंगण्याची_मेघा

दादा, मला एजन्सी घ्यायची नाही, द्यायची आहे. माल माझा आहे.

सीए_नाही_पण

30 दिवसांची काळजी करू नका. तुम्ही सूक्ष्म उद्योगात मोडता, त्यामुळे 45 दिवसांत पैसे देणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. नाही दिले तर त्याला तो खर्च आयकरात दाखवताच येत नाही. बिनधास्त माल द्या. आणि सुपर स्टॉकिस्ट वगैरे अजिबात नको, फुकटचा मधला माणूस.

लाईनसेल्स_विदर्भ

मी विदर्भात किराणा मालाच्या कंपन्यांचं सेल्स बरीच वर्षं पाहिलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दर. 20 टक्के कशावर, हे त्याला विचारलंत का? एमआरपीवर 20 टक्के म्हणजे दुकानाला 48 चा दर. खरेदीवर 20 टक्के म्हणजे 50 चा दर. बाजारात दोन्ही पद्धती चालतात आणि प्रत्येक जण स्वतःच्या सोयीची धरतो. आपण 50 धरू. त्यातून स्टॉकिस्टचे खरेदीवरचे 10 टक्के काढले की तुमचं बिल होतं 45.45 चं. त्यात 5 टक्के जीएसटी आहे, तो बाजूला केला की 43.29. आणि 12 च्या पैशात 13 पाकिटं जाणार, म्हणजे एका पाकिटाचे हातात आले सुमारे 40. खर्च 31. उरले 9, त्यातून भाडं, फुटतूट आणि पुढेमागे सेल्समन. आज तुम्ही 48 ला देता तेव्हा जीएसटी वजा जाता 45.71 मिळतात. म्हणजे तो जे काम करणार त्याचे पाकिटामागे सुमारे पावणेसहा रुपये तुम्ही देताय. काम खरंच झालं तर ते महाग नाहीत.

आता स्कीम नीट बघा, कारण सगळी गडबड तिथेच होते. फ्रीचं पाकीट दुकानदारापर्यंत गेलं तर त्याला पाकीट 46.15 ला पडतं आणि खरेदीवर 30 टक्के सुटतात. नव्या मालाला फळीवर जागा मिळवायला तेवढं देणं चालतं. पण स्टॉकिस्टने ते स्वतःच दाबलं तर त्याची खरेदी 41.95 ला पडते, विक्री 50 ला, आणि त्याचे 10 टक्के 19 होतात. ओळखायचं कसं? त्याच्या भागातल्या सात-आठ दुकानांत जाऊन बिल बघा. स्कीम पोचली असेल तर बिलावर 12 नगांखाली 1 नग शून्य दराने दिसतो. नुसतं "स्कीम देतो ना मी" यावर जाऊ नका.

आता दीड लाखाची ऑर्डर. 45.45 च्या भावाने ही 3300 पाकिटं झाली, फ्रीची 275 वेगळी. नवीन ब्रँड दुकानदार सुरुवातीला डझनभरच घेतो, म्हणजे एवढा माल लावायला 275 दुकानं हवीत. एक सेल्समन दिवसाला 35-40 दुकानं करतो, आठवड्याच्या सहा बीटची, म्हणजे सहा दिवसांच्या ठरलेल्या फेऱ्यांची, मिळून सव्वादोनशे होतात. त्यातली नव्या मसाल्याला हो म्हणणारी तिसरा हिस्सा धरा, सत्तर-ऐंशी. बाकीचा माल त्याच्या गोडाऊनमध्ये बसणार. तिसाव्या दिवशी तुम्ही पैसे मागाल, तेव्हा तो खरंच सांगेल की माल विकला गेलेला नाही. त्यात बेइमानी असेलच असं नाही, ऑर्डरच चुकीच्या मापाची आहे. 30 दिवस जास्त की कमी, हा प्रश्न नंतरचा. पहिल्यांदा 80 दुकानांपुरता माल द्या, 960 पाकिटं, म्हणजे साधारण 44 हजारांचं बिल. अर्धे पैसे गाडी निघायच्या आधी, उरलेले पुढची ऑर्डर घेताना. दुसरी ऑर्डर किती दिवसांत येते, त्यावर पुढचं ठरवा.

मानेवाडा_किराणा

मी दुकानदार आहे, आमची बाजू ऐका ताई. एवढ्या स्कीमचं मला काही पडलं नाही. नवीन मसाला मी घेतो तो सेल्समन दर आठवड्याला येते का ते पाहून. एकदा माल टाकून जाते अन् मग तोंडच दाखवत नाही, असे लय आहेत. पाकीट फुटलं, पावसाळ्यात जाळी धरली, तर बदलून कोण देणार? तिकडे स्टॉकिस्ट म्हणते कंपनीला विचारा, कंपनीचा फोन लागत नाही. मग ते पाकीट मागच्या फळीवर जाते अन् परत तुमचं नाव कोणी घेत नाही.

उधारीचं म्हणाल तर आमची पद्धत बिल-टू-बिल. पुढचा माल आला की मागचं बिल चुकतं करतो. आमचेच गिऱ्हाईक महिन्याच्या खात्यावर नेतात, आम्ही रोख कुठून आणावं? अन् एक, 10 रुपयांची पुडी काढा. आमच्या वस्तीत 60 चं पाकीट महिन्याच्या सुरुवातीलाच जाते, नंतर पुडीच.

अगरबत्ती_कामठी

मेघाताई, माझ्यासोबत घडलेलं सांगतो. मी अगरबत्ती करतो. माझ्या स्टॉकिस्टने मार्चमध्ये स्कीम आहे म्हणून भरपूर माल उचलला. मला वाटलं जोरात चाललंय. प्रत्यक्षात त्याने सगळा माल फ्रीसकट इतवारीतल्या एका ठोक व्यापाऱ्याला आपले दोन टक्के ठेवून सोडला. दोन महिन्यांनी माझ्याच जुन्या दुकानांनी मला सांगितलं की तुमचा माल इतवारीत मस्कासाथला तुमच्या दरापेक्षा स्वस्त मिळतो, आम्ही तिकडूनच आणतो. नंतर दुसरा स्टॉकिस्ट नेमायला गेलो तर कोणी तयार होईना, कारण ठोक बाजारातला भाव पडला होता. आता मी खोक्यावर पार्टीप्रमाणे वेगळा बॅच नंबर टाकतो. बाजारात खोकं दिसलं की कोणाकडून गेलं ते कळतं.

हिंगण्याची_मेघा

हे तर माझ्या डोक्यातच नव्हतं. बॅच नंबरचं उद्यापासून करते. लाईनसेल्स दादा, सुपर स्टॉकिस्ट आणि 45 दिवसांच्या कायद्याबद्दल पण सांगा ना. आणि गोडाऊनमधला माल खरंच विकला जातो की नाही, हे मला इथे बसून कसं कळणार?

लाईनसेल्स_विदर्भ

शेवटचं आधी. दर महिन्याच्या 1 तारखेला स्टॉक मोजून घ्या. सुरुवातीचा स्टॉक अधिक त्याची खरेदी, वजा आज उरलेला माल, ही त्या महिन्याची खरी विक्री. तुमच्या बिलाचा आकडा म्हणजे फक्त तुमच्या गोडाऊनमधून त्याच्या गोडाऊनमध्ये गेलेला माल. खरी विक्री 400 पाकिटांची आणि तो 1000 मागत असेल तर माल कुठे जातोय ते विचारा. कामठीच्या दादांचं प्रकरण मार्चअखेरच उघडं पडलं असतं, कारण मोजणीत गोडाऊन रिकामं निघालं असतं आणि दुकानांची बिलं तेवढी नसती. विक्रीचा आकडा आणि दुकानांची यादी दोन्ही मागायची, नुसता आकडा नाही.

सुपर स्टॉकिस्ट हा मधला माणूस खरा, पण फुकटचा नाही. भंडारा, गोंदिया, यवतमाळचे स्टॉकिस्ट प्रत्येकी चार-पाच खोक्यांची ऑर्डर देतात. तेवढ्यासाठी हिंगण्याहून गाडी पाठवली तर भाडंच मार्जिन खातं. तो एकदम माल उचलतो, आगाऊ पैसे देतो आणि फोडून वाटतो, त्याचे ते 4 टक्के. नागपूर शहरात तुम्ही स्वतः माल पोचवू शकता, इथे त्याची गरज नाही. पण पुढे नेमायचाच असेल तर त्याची जागा दरात आजच धरा. नागपूरच्या स्टॉकिस्टला 45.45 च्या खाली जाऊ नका. नाहीतर वर्ध्याचा माल सुपरकडून न जाता नागपुरातूनच जाईल.

कायद्याचं वर लिहिलंय ते अर्धं बरोबर आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात मुदत लेखी करार असेल तरच 45 दिवसांपर्यंत जाते, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. आयकराची तरतूद 2024 पासून आहे. ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत आणि मार्चअखेरही ते बाकी राहिले, तर तो खर्च त्याला त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ज्याचे हिशेब व्यवस्थित आहेत, तो याला घाबरून मार्चअखेर खातं साफ करतो. पण ऑक्टोबरमध्ये अडकलेल्या पैशाने तुमची मिरची येत नाही. तक्रार करायची तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे अर्ज करावा लागतो आणि त्या दिवशी तो स्टॉकिस्ट तुमचा राहत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापा, त्याचं पत्र सहीनिशी घ्या, पण भिस्त रुपयांच्या मर्यादेवर ठेवा. एका बिलापेक्षा जास्त येणं झालं की गाडी थांबली पाहिजे.

सीए_नाही_पण

15 दिवसांचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद. सुपरबद्दल मात्र अजून पटलं नाही. आज ट्रान्सपोर्टवाले चार खोकीही भंडाऱ्याला पोचवतात.

लाईनसेल्स_विदर्भ

पोचवतात, पण वसुली कोण करणार? भंडाऱ्याच्या स्टॉकिस्टकडे पैसे मागायला मेघाताईंच्या दिराला दर महिन्याला जावं लागेल.

हिंगण्याची_मेघा

आज त्याच्याशी बोलले. 44 हजारांच्या ऑर्डरला तयार आहे, अर्ध्या आगाऊ रकमेला नाही. म्हणतो सगळ्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक देतो. स्कीम दुकानाच्या बिलावर दाखवायला हो म्हणाला. खराब माल मात्र पूर्ण बदलून मागतो, त्याला काही मर्यादा असते का?

लाईनसेल्स_विदर्भ

चेक वटला नाही तर कलम 138 खाली दावा करता येतो, पण त्यात वेळ जातो. थोडी तरी रक्कम आगाऊ घ्याच, निदान चौथा हिस्सा. खराब मालाला दुकानातून परत आलेलं पाकीट आणि गोडाऊनमध्ये भिजलेलं पाकीट असा फरक करा. पहिलं तुमचं, दुसरं त्याचं. विक्रीच्या किती टक्क्यांपर्यंत, यावर कंपन्यांत एकमत नाही. मी 1 टक्का पाहिलाय, मसाल्यात दीडही पाहिलाय.

मानेवाडा_किराणा

टक्के तुम्ही तुमच्यात ठरवा. पण दुकानातून पाकीट परत घेताना सेल्समनने तिथल्या तिथे नवं द्यावं. "पुढच्या बिलात वजा करतो" म्हणतात अन् ते कधी वजा होत नाही.

हिंगण्याची_मेघा

हे लिहूनच घेते त्याच्याकडून. 10 च्या पुडीचं पाऊच किती ग्रॅमचं परवडेल, कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, पॅकिंगचा खर्चच जास्त होतोय.