प्रतिसाद: रॅम्प, लिफ्ट की फिरती सीट

>> रॅम्प लिफ्टपेक्षा स्वस्त पडतो, मग व्हीलचेअर आत घ्यायला व्हॅनला सरळ रॅम्पच लावावा ना?

स्वस्त पडतो खरा, पण आधी गाडीच्या फ्लोअरची जमिनीपासून उंची मोजा. मागून कोणीतरी ढकलणार असेल तरी १ ला ६ पेक्षा जास्त चढ नको, म्हणजे फ्लोअर ६० सेंमीवर असेल तर रॅम्प ३.६ मीटर लागतो, आणि तो उघडायला सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा कुठे असते! फ्लोअर कापून ३० सेंमीवर आणला तर १.८ मीटरमध्ये भागतं, पण ते मोठं काम आहे आणि त्याची नोंद आरटीओकडून आरसीवर करून घ्यावीच लागते.

दुसरं माप माणूस खुर्चीत बसलेला असताना डोक्यापर्यंतचं. आमच्या बाबांचं १३२ सेंमी भरलं आणि आवडलेल्या गाडीचं मागचं दार १२५ चं, तिथे लिफ्ट लावूनही डोकं अडकणारच होतं. ते आधार देऊन उभे राहू शकतात म्हणून आम्ही दाराबाहेर वळणारी फिरती सीट घेतली. फक्त त्यात रिकामी व्हीलचेअर डिकीत जावी लागते, तिथे सीएनजीची टाकी असेल तर खुर्ची बरेचदा बसत नाही, तेव्हा ती शोरूमला सोबत घेऊन जा आणि ठेवूनच बघा.