मदत हवी आहे: फ्रिजमधल्या बटाट्यांच्या काचऱ्या लाल-काळ्या का होतात?

मुलुंडची_सून: पावसाळ्यात बटाट्यांना आठवड्यात कोंब येतात म्हणून मी दोन किलो बटाटे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले, तिथे तापमापक 4 अंश दाखवतो. बारा दिवसांनी चतुर्थीच्या उपासाला काचऱ्या तळल्या, तर त्या दोन मिनिटांत तपकिरी झाल्या, आतून कच्च्या राहिल्या आणि चवीला गोडसर लागल्या. त्याच कप्प्यातली हिरवी वेलची केळी काळी पडली आणि बाहेर काढल्यावरही पिकली नाहीत. दोष तेलाचा की फ्रिजचा?

खवय्या_दादरकर: तेलाचाच. शीतगृहात बटाटे 2 ते 4 अंशांना महिनोन्महिने टिकतात, मग फ्रिजने काय बिघडणार?

वाशीचा_गाळेवाला: दादरकर, टिकतात हे खरे, पण ते बटाटेही गोड होतातच. साधारण 6-7 अंशांखाली बटाट्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि गरम तेलात ती साखर आतला भाग शिजण्याआधीच रंग धरते. म्हणून वेफर्सचा माल 10 ते 12 अंशांना ठेवून कोंब रोखण्यासाठी वेगळे औषध वापरतात. ताई, उरलेले बटाटे दोन-तीन आठवडे अंधाऱ्या, हवेशीर जागी बाहेर ठेवा आणि मधूनमधून दोन काप तळून पाहा. रंग सोनेरी राहू लागला तर साखर उतरली असे समजा. मात्र काही जातींत ती पूर्ण उतरत नाही. तोवर हे बटाटे उकडून भाजीला वापरा, कारण फार लाल तळल्यास ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायन वाढते.

केळ्याचे दुखणे निराळे आहे. सुमारे 13 अंशांखाली त्याच्या पेशींचे पडदे फाटतात, आतले रस एकमेकांत मिसळून साल काळवंडते आणि कच्चे केळे पिकण्याची क्षमताच गमावते. आमच्या पिकवणीच्या खोलीत ते 16 ते 18 अंशांना असते. तुमची केळी आता पिकणार नाहीत. पूर्ण पिकलेले केळे मात्र फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवता येते. साल काळी दिसली तरी गर बहुधा चांगला असतो.

अंधेरी_वनरूम: माझी केळी बाहेरच काळी पडतात. देठाला प्लास्टिक गुंडाळू का?

वाशीचा_गाळेवाला: ते अति पिकणे आहे, थंडीचा मार नव्हे. गर मऊ असेल तर लगेच खा.

मुलुंडची_सून: आज तळलेले चार काप थोडे उजळ आले, पण कडा अजून लालच आहेत. आणि बाहेर ठेवलेल्या दोन बटाट्यांना कोंब फुटले! मुंबईच्या दमट घरात 10 अंशांची जागा आणायची कुठून?

वाशीचा_गाळेवाला: घरात ती मिळत नाही. आठवड्यापुरतेच घ्या.

खवय्या_दादरकर: तरी तेल बदलून पाहाच, ताई.