मदत हवी आहे: 'गोळी सोडली, तरी बीपी नॉर्मल' म्हणणाऱ्या पेशंटला वेटिंगमध्ये काय उत्तर द्यावं?

कण्हेर
मी तालुक्याच्या गावी एका फिजिशियनच्या दवाखान्यात नर्स आहे. सोमवार आमच्याकडे बाजाराचा दिवस, त्यामुळे ओपीडी भरलेली असते. सर येईपर्यंत वेटिंगमध्ये बसलेल्यांशी पंधरा मिनिटं बीपीबद्दल बोलायचं काम माझ्याकडे आलंय. हृदय आकुंचन पावताना रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा, दोन ठोक्यांच्या मध्ये उरतो तो खालचा, इथपर्यंत लोक नीट ऐकतात. गाडी अडते ती गोळ्यांवर.

गेल्या सोमवारी मी म्हटलं, "गोळी अचानक बंद केली की बीपी एकदम उसळतं." त्यावर एक काका म्हणाले, "मी गुरुवारी शेवटची घेतली. काल रविवारी पोराच्या मशीनवर एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी आलं. कुठं उसळलं, सिस्टर?" सगळे हसले. वर मागच्या बाकावरच्या दोघीजणी, "मग आम्हीपण बघतो की बंद करून."

काकांना अ‍ॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ रोज एक चालू होती. सुरू करण्याआधी त्यांचं बीपी 168/100 होतं. सरांनी त्यांना आत घेऊन समजावलं आणि गोळी परत सुरू करायला सांगितली. पण बाहेर बसलेल्यांना मी काय सांगू?

रानजाई
इतका विचार कशाला? सरळ सांगा, लकवा मारेल. भीती घातल्याशिवाय आपली माणसं ऐकत नाहीत. माझ्या मामांनी गोळ्या बंद केल्या आणि दोनच दिवसांत बीपी 210 वर. छातीत धडधड, घाम, रात्री अ‍ॅडमिट करावं लागलं. तुमचं वाक्य बरोबरच होतं, काकांचं नशीब चांगलं.

जुना_स्टेथो
रानजाई, मामांची गोळी कुठली होती? मला वाटतं अ‍ॅम्लोडिपिन नसावी.

कण्हेरताई, चाळीस वर्षं ओपीडी केली, म्हणून सांगतो. तुमचं वाक्य काही गोळ्यांना तंतोतंत लागू आहे. क्लोनिडिन तोडली तर एक-दोन दिवसांत बीपी पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतं. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा 'लॉल'वाल्या गोळ्या एकदम तोडल्या तर धडधड होते, आणि हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू लागतं, अ‍ॅटॅकही येऊ शकतो. त्या थांबवायच्याच असतील तर डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात.

अ‍ॅम्लोडिपिनची चाल वेगळी. ती रक्तातून फार हळू जाते. निम्मी जायलाच साधारण 30 ते 50 तास लागतात. म्हणजे गुरुवारी शेवटची गोळी घेतलेल्या काकांच्या अंगात रविवारी तिचा पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाइतका अंमल शिल्लक होता. रविवारचा 132/84 हा आकडा त्या उरलेल्या औषधासकटचा. आणि तोही एकदाच मोजलेला, घरी निवांत बसून.

म्हणून काकांना खोटं पाडू नका. "काका, अजून गोळीच काम करतेय तुमच्या अंगात" असं म्हणा. हे त्यांना पटेल, कारण ते त्यांच्या अनुभवाच्या विरुद्ध जात नाही. उसळी येईल असं सांगितलंत आणि ती आली नाही, तर तुमचं पुढचं खरं बोलणंही लोक सोडून देतात.

रानजाई
मामीला विचारलं. मेटोप्रोलॉल 50. शिवाय त्यांची आधी अँजिओप्लास्टी झालेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मिठाची_बरणी
माझं बीपी कायम 100/60 असतं आणि उठल्यावर गरगरतं. मी मीठ वाढवू का? गोळी कुठलीच नाही.

जुना_स्टेथो
इथे विचारून मीठ वाढवू नका. आधी एकदा हिमोग्लोबिन करा, आणि बसून व उभं राहून असं दोन्ही वेळा बीपी मोजून घ्या. वेगळा धागा काढलात तर बोलू.

ओसरी
मी पेशंटच्या बाजूने लिहिते. माझ्या सासूबाईंनी तीनदा गोळी सोडली आणि तिन्ही वेळा कारण एकच, संध्याकाळी पाय सुजायचे. जोडवी रुतायची बोटात. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण "ते ओरडतील". शेवटी मीच सांगितलं. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन 10 वरून 5 वर आणली, सोबत टेल्मिसार्टन 40 दिली. सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली आणि बीपीही आटोक्यात राहिलं. त्यामुळे "बंद करू नका" म्हणण्याआधी "का बंद केलीत?" हे विचारा. बहुतेकांकडे धड कारण असतं.

जुना_स्टेथो
हे शंभर टक्के. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजणं आणि एनालाप्रिल-रामिप्रिलने कोरडा खोकला, ही दोन कारणं मी सर्वात जास्त ऐकली. दोन्हींवर उपाय डॉक्टरांच्या हातात असतो, गोळी बदलता येते. मात्र पायाची सूज दरवेळी गोळीचीच असं धरून चालू नका. दम लागत असेल किंवा एकच पाय सुजला असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणखी एक प्रसंग बोलण्यात घ्या. जुलाब-उलट्या होत असतील आणि गोळी टेल्मिसार्टन किंवा लघवी वाढवणारी असेल, तर पेशंटने तेव्हाच फोन करायचा. अशा वेळी कधी कधी आम्हीच एक-दोन दिवस गोळी थांबवायला सांगतो. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तीच गोळी किडनीला जड जाते.

कण्हेर
सगळ्यांचे आभार. या सोमवारी बोलणं बदललं. आधी विचारलं, "गोळी कुणी कुणी सोडून बघितली? ओरडणार नाही." निम्मे हात वर! कारणं: पाय सुजतात, गोळ्या संपल्या आणि तालुक्याला येणं झालं नाही, डोकं दुखायचं थांबलं, आणि "सवय लागते म्हणतात". डोकं दुखण्यावरून बीपी ओळखता येत नाही हे सांगायला निम्मा वेळ गेला. एका आजींनी विचारलं, काल विसरले तर आज दोन घेऊ का? दोन नाही घ्यायच्या, नेहमीची एकच, एवढं सांगितलं.

काकाही आले होते. सरांनी सांगूनसुद्धा त्यांनी गोळी सुरू केली नव्हती, "तुमचं खरं की माझं ते बघायचं होतं." पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवलं आणि दोनदा मोजलं: 158/96 आणि 156/94. आता सुरू केलीय म्हणतात.

पण आता नवीन पेच. मागच्या बाकावरच्या एका ताईंनी तीन आठवडे गोळी घेतलेली नाही. त्यांचंही दोनदा मोजलं, 136/82. आता त्यांना मी काय सांगू?

जुना_स्टेथो
असंही होतं. काहींचं महिना-दोन महिने वाढत नाही, विशेषतः वजन उतरलं असेल किंवा मीठ खरंच कमी केलं असेल तर. काहींची गोळी कायमची सुटतेही, पण मोजत मोजत. त्यांना आत पाठवा. तुमच्या सरांना योग्य वाटलं तर ते गोळीशिवाय ठेवून दर आठवड्याला बीपी मोजायला सांगतील.

ओसरी
पण "काहींची गोळी सुटते" हे भर वेटिंगमध्ये सांगायचं का? सगळ्यांना आपण त्या 'काहीं'मधलेच वाटतो.

जुना_स्टेथो
मी सांगायचो. लपवलं तर लोक गुपचूप प्रयोग करतात.

रानजाई
मी नसतं सांगितलं. मामांनी ऐकलं असतं तर उद्यापासून बंद.

कण्हेर
सरांचंही मत रानजाईसारखंच आहे. ताईंना मात्र आत पाठवलं. सरांनी गोळी सध्या थांबवलेलीच ठेवली आणि दर सोमवारी बाजाराला आल्यावर बीपी मोजून जायला सांगितलंय. वही माझ्याकडे आहे.