निरोपाच्या भाषणाची सुरुवात एकाच अक्षराने: 'ज' चालेल का?

तिसरा बाक: दहावीच्या निरोप समारंभात बोलायचंय. पहिलं वाक्य 'ज'चं केलंय: "जीवनाच्या जुन्या जिव्हाळ्याच्या जागा जपत जड पावलांनी जातो." वाचायला छान वाटतं, म्हटलं की अडखळायला होतं. काय चुकतंय?

सुपारी: 'ज' सोडा, 'स' घ्या. सुज्ञ, सुविद्य, सुशील, सस्नेह, सविनय, शब्दांना तोटाच नाही. शिवाय प्रत्येक शब्द त्याच अक्षराने सुरू झाला तरच तो अनुप्रास.

गोदाकाठ: शब्द मुबलक, हे खरं. पण ते सगळे 'सु' आणि 'स' जोडून केलेले, त्यामुळे विशेषणांची रांग लागते आणि सांगायचं काहीच उरत नाही. अनुप्रासाला अक्षराची पुनरावृत्ती पुरते, ती शब्दाच्या मध्येही चालते. सगळेच शब्द एका अक्षराचे करायला गेलं की 'आहे', 'होतं' कुठे ठेवायचं?

तिसरा बाक, तुमची अडचण वेगळी आहे. अक्षर एक, उच्चार दोन. जीवन, जिव्हाळा यांतला 'ज' तालव्य. जुन्या, जागा, जपत, जड, जातो यांतला दंत्य, 'जहाज'मधल्यासारखा. जीभ दर शब्दाला जागा बदलते, म्हणून अडखळता. इ, ई, ए किंवा य लागला की 'ज' तालव्य होतो: जिद्द, जेवण, ज्येष्ठ. जन्म, जन, जल हे संस्कृतातले शब्दही तालव्यच. एकच बाजू धरा:

"जुनी जागा, जुनी जोडी सोडून जाताना पाऊल जरा जड होतंय."

दहा शब्दांत सात 'ज', सगळे दंत्य. 'सोडून', 'पाऊल', 'होतंय' मुद्दाम तसेच ठेवलेत. तिथे श्वास घेता येतो.

मावळतीची आई: माझ्या मुलीला मराठी दिनासाठी 'क'वरून चारोळी हवीये, कुणी देईल का?

गोदाकाठ: ताई, वेगळा धागा काढा, इथे हरवेल. 'क'ला ही भानगड नाही. 'च' आणि 'झ'ला मात्र आहे: चहा तालव्य, चटका दंत्य.

तिसरा बाक: आता सरळ म्हणता येतंय! मग पूर्ण भाषणच 'ज'चं करू?

गोदाकाठ: नको. दोन, फार तर तीन वाक्यं. पुढे ऐकणारे अक्षरं मोजत बसतात. आणि वाक्य न दाखवता कुणाला तरी ऐकवा, त्यांनी "काय म्हणालास?" विचारलं तर एक 'ज' काढा.

सुपारी: बरं, 'स' सोडला. पण आरंभी "सुस्वागतम्" तरी राहू दे?

गोदाकाठ: निरोपाला स्वागत? शिवाय 'स्वागत'मध्येच 'सु' आहे, सु आणि आगत. वर आणखी एक 'सु' कशाला?

सुपारी: प्रत्येक कमानीवर लिहिलेलं असतं, म्हणजे रूढ झालं. रूढ शब्द चुकीचा कसा?

गोदाकाठ: कमानीवर राहू दे. या भाषणात नको, एवढंच.