४ सीट वाढवल्या आणि बिल जवळजवळ दुप्पट! सपोर्टला काय लिहू?

हिशोबवाली: आमच्याकडे सेल्सचं सॉफ्टवेअर आहे. नवीन पोरं आली म्हणून ४ सीट वाढवल्या, तर १ जुलैचं बिल आलं ६५,८४४, आधी ३३,९८४ यायचं. सपोर्ट म्हणतं 'बिल बरोबर आहे', बास. ४ माणसांचे ३२ हजार? कार्डवरून पैसे कापायच्या आत मेल टाकायचाय, पटकन सांगा.

सातारी_मिसळ: जीएसटी लागला असेल, १८ टक्के. इनपुट क्रेडिट मिळतं, टेन्शन नको.

हिशोबवाली: अहो जीएसटी आधीही होताच की!

नंदू_बिलिंग: ताई, एकूण सीट किती, वाढवल्या कधी? आणि बिलावरच्या ओळी जशाच्या तशा टाका.

हिशोबवाली: ४८ च्या ५२ केल्या, १६ जूनला. जीएसटी सोडून हे बघा

```
Unused time on 48 × Team        -14,400
Remaining time on 52 × Business  23,400
52 × Business (Jul)              46,800
```

नंदू_बिलिंग: इथेच आहे सगळं. प्लॅनच बदललाय. आधी सीटला ६०० पडत होते, आता ९००, आणि तेही जुन्या ४८ सकट सगळ्यांना. टीम प्लॅनला बहुतेक ५० ची मर्यादा असणार. वरच्या दोन ओळी जूनच्या उरलेल्या १५ दिवसांच्या, त्यांचा फरक ९,००० एकदाच लागेल. पण २८,८०० चे ४६,८०० झाले ते दर महिन्याला. जुन्या दराने ५२ चे ३१,२००च झाले असते.

डोंबिवली_फास्ट: आमचं तर उलटं, वार्षिक प्लॅनमधून ६ जण काढले तर छदाम परत मिळाला नाही. कार्ड ब्लॉक करा सरळ.

नंदू_बिलिंग: अजिबात नको, अकाउंट बंद पडलं तर सेल्सवाले तुमच्याच नावाने ओरडतील.

सातारी_मिसळ: मग २ सीट काढा, ५० वर आले की दर आपोआप खाली.

नंदू_बिलिंग: चढताना आपोआप, उतरताना बऱ्याच ठिकाणी हाताने करावं लागतं किंवा पुढच्या बिलापासून होतं. आधी विचारा, मग काढा.

हिशोबवाली: सीट वाढवताना स्क्रीनवर फक्त `Add 4 seats` होतं, दर बदलल्याचं कुठेच नव्हतं! असा मेल टाकू का:

'नमस्कार, १६ जूनला आम्ही ४८ च्या ५२ सीट केल्या. १ जुलैच्या बिलात प्लॅन Team चा Business झालेला दिसतो, म्हणजे सर्व सीटचा दर ६०० वरून ९००. आम्ही प्लॅन बदलायला सांगितलं नव्हतं. हा बदल कोणत्या अटीनुसार झाला आणि सीट वाढवताना आम्हाला तो कुठे दाखवला, ते लॉगसकट कळवा. ५० सीटवर आलो तर Team परत मिळेल का, कोणत्या तारखेपासून? उत्तर येईपर्यंत ही वसुली थांबवा.'

नंदू_बिलिंग: झकास. बिल नंबर टाका, आणि त्यांनी रक्कम कमी केली तर क्रेडिट नोट मागा. नुसतं 'पुढच्या बिलात बघू' म्हणाले तर जीएसटीचा ताळमेळ बसणार नाही.

डोंबिवली_फास्ट: वार्षिकवाल्यांनी काय करायचं ते पण सांगा ना कोणीतरी.

हिशोबवाली: पाठवला. ५० सीटचं उत्तर आलं की इथेच टाकते, तोवर एकही सीट काढत नाही.